टिकली

"सर, ही अजून आहे का तिथे?"

आमच्याकडे लिहायला शिकायला आलेल्या मुलीने हे विचारलं तेव्हा ती माझ्या टेबलामागच्या भिंतीवरची चौकट बघत होती. चौकटीत महिला दिनाची एक पोस्ट आहे, चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीसाठी मी लिहिलेली. निळ्या ओव्हरऑलमधली एक ऑपरेटर सीएनसी मशीनच्या काचेपाशी उभी आहे आणि खाली माझं कॅप्शन: 'बाळ सहा महिन्यांचं झालं आणि ती परतली. मशीनने तिला ओळखलं.' यातलं दुसरं वाक्य मला फार आवडायचं. त्याच्यासाठीच तर चौकट करून घेतली होती. खोटं कशाला बोला.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. ती बाई तिथे नाही, आणि पोस्ट गेली त्या दिवशीही नव्हती. मुलाखत आणि फोटो जानेवारीत झाले, तिने राजीनामा दिला फेब्रुवारीत, आणि आठ मार्चला सकाळी साडेनऊला पोस्ट गेली. सव्वादहाला तिच्याच लाइनवरच्या कुणीतरी खाली लिहिलं, 'ताई तर गेल्या महिन्यातच काम सोडून गेल्या.' एचआरने ती कॉमेंट लपवली. मी फोन करून विचारलं ते एवढंच, की कॅप्शन बदलायला लागणार नाही ना. तेव्हा मला काळजी वाक्याची होती.

मुलीला मी म्हटलं, "माहीत नाही." ती चौकटीकडे अजून थोडा वेळ बघत राहिली आणि आपल्या जागेवर गेली.

मी गेली अठ्ठावीस वर्षं जाहिरातीचं मराठी लिहितो. आधी वर्तमानपत्रातल्या जाहिराती लिहायचो, आता बहुतेक कॅप्शनं. महिला दिनाचं काम म्हणजे एके काळी आमच्यासाठी दुपारच्या चहाआधी उरकायचं काम होतं. ती जननी, ती भगिनी, ती शक्ती, तिला सलाम. एकदा मी एकच ओळ एका सहकारी बँकेला आणि एका सराफाला विकली. दोघांच्याही पोस्ट एकाच दिवशी गेल्या आणि दोघांनाही पत्ता लागला नाही. ओळ अशीच होती, की जिथे लावाल तिथे बसेल. पुढे गुळगुळीत घोषणांचा ग्राहकांनाच कंटाळा आला आणि 'आम्हाला खरं काहीतरी हवं, आपली पॉलिसी, आपल्याच एम्प्लॉयीची स्टोरी' अशी मागणी सुरू झाली. मला आनंद झाला. वाटलं, आता खरं लिहिणाऱ्याचे दिवस आले. खरं लिहिणं म्हणजे माणसाचा फोटो आणि दोन नेमके तपशील, अशी माझी समजूत होती. पुण्यातल्या अर्ध्या एजन्सींची ती आजही आहे. नाव, पद, फोटो, एक गहिवर, तळाशी कंपनीचं बोधचिन्ह. घोषणेच्या जागी माणूस उभा केला, इतकंच.

मुलीच्या प्रश्नानंतर मी त्या बाईंचा नंबर शोधला आणि त्यांना फोन केला. इतक्या वर्षांनी. त्या आता राजगुरुनगरला घरून शिवणकाम करतात. आधी त्यांना मी कोण तेच आठवेना, मग आठवलं. म्हणाल्या, "सर, लिहिलं होतंत छान. पण मशीनने ओळखलं कुठून? परत आल्यावर माझं मशीन दुसऱ्याला दिलेलं होतं. मला इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसवलं. फोटोतलं मशीन त्या पोराचं होतं."

मी विचारलं, "मग तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"सुपरवायझर शेजारी उभे होते की."

आणि नोकरी का सोडली, तर पाळणाघर संध्याकाळी सहाला बंद व्हायचं आणि सेकंड शिफ्ट रात्री बाराला सुटायची. पहिल्या शिफ्टला मूल पाळणाघरात राहायचं, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सासूबाईंकडे. सासूबाईंचा पाय मोडला आणि तो आठवडा सांभाळणारं कुणी उरलं नाही. एवढी साधी गोष्ट होती. तिच्यात गहिवर नव्हता, वेळापत्रक होतं, आणि ते मी कधी मागितलंच नव्हतं.

त्यानंतर मी एका क्रियापदात अडकलो आणि अजून पुरता सुटलेलो नाही.

बाळंतपणाची रजा. तिच्यापुढे क्रियापद कोणतं? कंपनीकडून येणाऱ्या कागदात नेहमी असतं, 'आम्ही आमच्या महिला कर्मचाऱ्यांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा देतो.' देतो! दान दिल्यासारखं. २६ आठवडे २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात आले, पहिल्या दोन मुलांसाठी. म्हणजे कंपनी देत नाही, कायदा द्यायला लावतो. मग मी लिहायचो, 'तिला रजा मिळाली.' त्यात देणाराच नाहीसा होतो. पाऊस पडला तशी रजा मिळाली. 'तिने रजा घेतली' हे मराठीत सरळ आणि खरं आहे, पण एका एचआर मॅनेजरने मला सांगितलं होतं की ते जरा उद्धट वाटतं. त्याला काय खटकलं ते मला कळतं. 'घेतली' म्हटलं की बाई वाक्याच्या मध्यभागी येऊन बसते.

आणि कारखान्यातल्या बाईच्या बाबतीत 'देतो' तर दुप्पट खोटं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेली कामगार बहुतेक वेळा ईएसआयच्या कक्षेत असते, आणि तिच्या रजेच्या काळातले पैसे कंपनीच्या खात्यातून निघत नाहीत, ईएसआय महामंडळ देतं. त्या महामंडळात कंपनी दरमहा पगाराच्या ३.२५ टक्के भरते आणि कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात. म्हणजे ज्या रजेबद्दल तिने कंपनीचे आभार मानावेत असं कॅप्शन मी लिहीत होतो, तिच्यात तिचा स्वतःचाही हप्ता होता. हे मला कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलं नाही. सांगितलं असतं तर मी ते वापरलं नसतं, हेही खरं. ओळीत बसत नाही ना.

हल्ली मी आधी वजाबाकी करतो. कंपनीने पाठवलेल्या पॉलिसीतून कायदा वजा करायचा आणि बाकी काय उरतं ते बघायचं. अंतर्गत समिती? दहा किंवा जास्त माणसं असली की २०१३ च्या कायद्याने बंधनकारक. वजा. पाळणाघर? ५० कर्मचारी असले की द्यायलाच लागतं. वजा. रात्रीच्या शिफ्टनंतर घरी सोडणारी गाडी? रात्री बायकांना कामावर ठेवायचं तर त्यांना सुरक्षित घरी पोचवण्याची सोय ही परवानगीचीच अट असते. वजा. कितीतरी कंपन्यांच्या बाबतीत शेवटी बाकी शून्य येते आणि मला फोन करून सांगावं लागतं की साहेब, तुमच्याकडे सांगण्यासारखं आहे ते कायद्याचं आहे. यावरून दोन ग्राहक गेले. ते शेजारच्या एजन्सीकडे गेले आणि त्यांना जांभळ्या रंगात 'नारीशक्ती' मिळाली. त्या पोस्टला लाइक्सही भरपूर आले, मी मोजले होते.

पण बाकी उरते तेव्हा मजा असते. कायद्याच्या कलमात पाळणाघर किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं ते लिहिलेलं नाही. म्हणजे सहानंतरचा प्रत्येक तास कंपनीचा स्वतःचा. खासगी कंपनीत बापाला रजा द्यावी असा कायदा नाही, म्हणून दिलेला प्रत्येक दिवस कंपनीचा. कंत्राटी बायकांना कायमस्वरूपी कामगारांइतकंच दिलं तर तेही. हे शेवटचं मी आता सगळ्यात आधी विचारतो. कारण फोटोत हसणारी मुलगी पुष्कळदा ट्रेनी किंवा कंत्राटी असते, आणि कॅप्शनमधली पॉलिसी तिला लागूच नसते. ओळखायला फार कष्ट पडत नाहीत, बऱ्याच कारखान्यांत ओळखपत्राच्या दोरीचा रंग वेगळा असतो. एकदा फोटोतली दोरी पिवळी दिसली म्हणून मी विचारलं, तर पलीकडून उत्तर आलं, 'रंग बदलून देतो ना एडिटमध्ये.'

आता मुलीकडे येतो. ती वाणिज्य शाखेची, मराठी बरं लिहिते, माझ्याइतकं नाही (असं मी अजून धरून चाललो आहे). प्रश्न विचारल्यानंतर आठवड्याभराने तिने माझ्यापुढे एका मोठ्या सूचिबद्ध कंपनीच्या वार्षिक अहवालातलं एक पान ठेवलं. शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या हजार कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून एक लांबलचक अहवाल सक्तीचा केला आहे, बीआरएसआर म्हणतात त्याला. मी तो कधी उघडलाच नव्हता. पर्यावरण, पाणी, कचरा असलं काही असेल असं वाटायचं. त्यात एक लहानसा तक्ता असतो. बाळंतपणाच्या किंवा पालकत्वाच्या रजेवरून किती टक्के परतले, हा एक रकाना. परतल्यावर बारा महिन्यांनी किती टक्के अजून कामावर आहेत, हा दुसरा. स्त्रिया वेगळ्या, पुरुष वेगळे.

ती म्हणाली, "सर, तुमच्या फ्रेममध्ये पहिला रकाना आहे."

मी काही बोललो नाही. मराठीत त्या दोन रकान्यांना दोन क्रियापदं आहेत, परतली आणि टिकली. इतकी वर्षं मी 'परतली' लिहून थांबत होतो. परतणं फोटोत सापडतं. दारातून आत येणारी बाई, पहिला दिवस, मैत्रिणी, पेढे. टिकण्याचा फोटो काढता येत नाही. बारा महिने थांबावं लागतं आणि मग हजेरीपत्रक बघावं लागतं.

यंदा तीच चाकणची कंपनी परत आली. ती कंपनी शेअर बाजारात नाही, त्यामुळे सेबीचा तक्ता तिला लागू नाही. पण मोठे ग्राहक आपल्या पुरवठादारांकडून असे आकडे मागू लागले आहेत, म्हणून एचआरकडे नोंद होती. मी जानेवारीतच चार गोष्टी मागवल्या. पॉलिसीचा मूळ कागद तारखेसकट, शिफ्टचं वेळापत्रक, पाळणाघराचं रजिस्टर, आणि परतलेल्या व टिकलेल्या बायकांची संख्या. नावं नकोत, संख्या. डिझायनरला पाठवलेल्या टिपणात मुलीने लिहिलं होतं, 'मुख्य मुद्दा: टिकली.' तो बिचारा बंगळुरूचा, मराठी जेमतेम. त्याने पहिल्या मसुद्यात अख्ख्या चौकटीभर लालभडक टिकली काढून पाठवली. आम्ही दोघं हसून हसून बेजार झालो, आणि मग मला जाणवलं की महिला दिनाच्या नव्वद टक्के पोस्ट अशाच तर असतात.

आकडे आले. गेल्याच्या आधीच्या वर्षी नऊ जणी रजेवरून परतल्या होत्या. बारा महिन्यांनी त्यांतल्या पाच कामावर होत्या. आणि रजिस्टरात एक नवीन गोष्ट सापडली: एक डिसेंबरपासून पाळणाघर रात्री सव्वाबारापर्यंत उघडं. सेकंड शिफ्टच्या वेळी तिथे चार मुलं. हे का झालं म्हणून विचारलं, तर एचआरमधल्या मॅडम आवाज खाली आणून म्हणाल्या की लाइनवरच्या अकरा जणींनी सह्या करून अर्ज दिला होता, दोनदा. पहिला अर्ज फाइलमध्ये गेला. दुसऱ्याच्या वेळी त्या जनरल मॅनेजरच्या केबिनबाहेर उभ्या राहिल्या.

मला माझं क्रियापद मिळालं. दिलं नाही, मिळालं नाही, घेतलंही नाही. मागितलं.

मुलीने आणि मी मिळून लिहिलं: 'गेल्याच्या आधीच्या वर्षी बाळंतपणानंतर नऊ जणी परतल्या. बारा महिन्यांनी त्यांतल्या पाच जणी इथे होत्या. लाइनवरच्या अकरा जणींनी रात्रीचं पाळणाघर मागितलं. एक डिसेंबरपासून ते सव्वाबारापर्यंत उघडं असतं. सध्या सेकंड शिफ्टला तिथे चार मुलं असतात.' कौतुकाचं विशेषण एकही नाही. इन्स्टाग्रामवर 'आणखी' च्या आधी दीड-दोन ओळीच दिसतात, म्हणून पाचाचा आकडा वर घेतला. तो 'आणखी' च्या खाली लपवला असता तर कुणाला आक्षेप नसता, आणि कुणी वाचलाही नसता.

अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी एका ऑपरेटर ताईंची गोष्ट त्यासोबत जाणार होती. ती या वेळी मी कारखान्यात ऐकली नाही. त्यांची सुट्टी होती त्या गुरुवारी संध्याकाळी फोन केला, लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं, आणि सांगितलं की सात तारखेच्या रात्रीपर्यंत नाही म्हणालात तरी चालेल, कारण विचारणार नाही. त्यांनी दोन दुरुस्त्या केल्या. नवऱ्याने पाठिंबा दिला असं एचआरच्या टिपणात होतं, ते काढायला लावलं. "त्यांचा तसा विरोध नव्हता, पण पाठिंबा म्हणू नका." आणि बस कुठल्या चौकात सोडते ते काढायला लावलं. रात्री बारानंतर बाई कुठे उतरते हे अख्ख्या जगाला सांगायला मी निघालो होतो! नेमका तपशील म्हणून मला त्याचा किती अभिमान वाटत होता.

जनरल मॅनेजर साहेबांबरोबरची बैठक पाऊण तास चालली. त्यांना पाचाचा आकडा नको होता. "नऊपैकी चार गेल्या हे आम्हीच कशाला सांगायचं? त्यापेक्षा ५५ टक्के लिहा." नऊ माणसांत टक्के काढणं म्हणजे चार पोळ्यांचं वजन टनात सांगणं, असं मी म्हणालो. मग 'निम्म्याहून अधिक' वर आले. मी त्यांना ब्रिटनची गोष्ट सांगितली. तिकडे २५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत जाहीर करावीच लागते. २०२२ च्या आठ मार्चला ज्या ज्या कंपन्यांनी ट्विटरवर महिला दिनाच्या शुभेच्छा टाकल्या, त्यांच्या पोस्ट उद्धृत करून एक स्वयंचलित खातं त्यांच्याच जाहीर आकड्यांतली तफावत लिहीत सुटलं. अनेकांनी घाईघाईने शुभेच्छाच पुसून टाकल्या. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्याकडे आहे का असं खातं?" मी म्हटलं, नाही. पण तुमच्या लाइनवर कॉमेंट लिहिणारी माणसं आहेत. त्यांना ती जुनी कॉमेंट आठवली की नाही ते कळलं नाही, पण पाच राहिले.

त्यांची आणखी एक इच्छा होती. 'आमच्याकडे लैंगिक छळाच्या शून्य तक्रारी' हेही टाकावं. ते मी घेतलं नाही. शून्याचे दोन अर्थ होतात आणि वाचणाऱ्या बाईला दुसरा आधी सुचतो. शिवाय एकदा हा विषय कॅप्शनमध्ये आणायची सवय लागली, की पुढच्या वर्षी कुणीतरी 'आम्ही न्याय दिला' अशी खरी घटना मागणार, आणि तक्रारदाराची ओळख किंवा चौकशीचा मजकूर प्रसिद्ध करायला कायद्याने सरळ मनाई आहे.

अडलं ते शेवटी 'मागितलं' वर. आकडा ज्या माणसाने सोडला, त्याने हा शब्द काही सोडला नाही. "मागितलं म्हणजे युनियनसारखं वाटतं हो." मी 'अर्ज केला' दिलं, तर म्हणाले सरकारी वाटतं. शेवटी त्यांनी स्वतःच्या पेनाने 'सुचवलं' लिहिलं, आणि पोस्ट तशीच गेली: 'लाइनवरच्या अकरा जणींनी रात्रीचं पाळणाघर सुचवलं.' बायका केबिनबाहेर उभ्या राहून सुचवत नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. मी पैसे घेतले.

पोस्टला ६४ लाइक्स आले. कॉमेंट नऊ, त्यांतल्या सहा लाइनवरच्याच. त्यातली एक होती, 'सुचवलं नाही, मागितलं.' या वेळी ती कुणी लपवली नाही. कदाचित कुणाच्या लक्षात आली नसेल. मुलीने तिचा फोटो काढून ठेवला आहे आणि माझी चौकट उतरवून तो लावावा असं तिचं म्हणणं आहे. चौकट मी अजून उतरवलेली नाही. मशीनने ओळखलं नव्हतं हे कळूनही ते वाक्य उतरवायला हात धजत नाही.

पुढच्या आठ मार्चसाठी ज्यांना माझ्याकडून कॅप्शन हवं असेल त्यांनी जानेवारीतच कळवावं, आणि हजेरीपत्रक आधी पाठवावं. फोटो नंतर चालेल.